बी १३० ला, गर ८०० ला, मग मधले पैसे खातंय कोण?

१ मे च्या ग्रामसभेत आमच्या सरपंच वहिनी बोलायला उभ्या राहिल्या आणि पाण्याची टाकी, गटर, घरपट्टी हे सगळं बाजूला ठेवून थेट पोरांवरच घसरल्या. म्हणाल्या, "पोरांनो, आपल्या चंदगडचा काजू पोत्यातनं भरून बाहेर जातोय आणि पाकिटात बसून परत येतोय. इथनं जाताना १३० रुपये किलो, येताना ८००. मधले ६७० रुपये कुणाच्या खिशात गेले याचा कधी विचार केलाय का? पुण्याला जाऊन १५ हजारावर राबण्यापेक्षा इथं बसून बी फोडा की."

टाळ्या पडल्या, जोरात पडल्या. भाषण संपल्यावर चार पोरं माझ्याकडे आली, कारण मी गडहिंग्लजला हिशोबाची कामं करतो आणि आमच्या भागातल्या तीन छोट्या काजू युनिटच्या वह्या माझ्याकडं आहेत. एकच प्रश्न होता सगळ्यांचा, वहिनी म्हणतात ते ६७० खरंच मिळतात का?

वहिनींचं चुकलेलं नाही. चंदगड-आजऱ्याचा बराच माल कच्चाच बाहेर जातो हे खरंच आहे आणि सरकारनं कोकणासाठी काजूची योजना केली तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातले हेच दोन तालुके त्यात घेतले ते काय उगाच नाही. पण भाषणात हिशोब मांडत बसता येत नाही, म्हणून तो इथं मांडतो. भाव मी हिशोबापुरते धरलेत, दरवर्षी नाही तर दर आठवड्याला बदलतात, तुम्ही तुमचे आजचे भाव घालून परत करा.

## १३० आणि ८०० ह्या दोन वेगळ्या किलोच्या किमती आहेत

सगळा घोळ इथंच आहे. १३० रुपये हा एक किलो बीचा भाव आहे, टरफलासकट. ८०० रुपये हा एक किलो गराचा. आणि एक किलो बीतनं एक किलो गर निघत नाही.

आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायला नको खरं तर, आपण ऊसवाली माणसं. कारखान्याचा उतारा म्हणजे काय हे कोल्हापूर जिल्ह्यात शेंबडं पोरगं पण सांगतंय, १०० किलो ऊस गाळला की साखर किती किलो पडली. काजूचं तस्संच. १०० किलो बी फोडलं की गर किती पडला, तो काजूचा उतारा. साधारण २५ धरा. बी कुठल्या झाडाचं, कधी गोळा केलं, कसं वाळवलं यावर तो २१-२२ पर्यंत खाली येतो आणि चांगल्या कलमी मालाला २८-३० च्या आसपास पण जातो.

म्हणजे एक किलो गर हवा तर चार किलो बी लागलं. चार गुणिले १३०, झाले ५२०. ६७० चे २८० झाले बघा, अजून चूल पेटवलेली नाही.

## आता एक टन बी घेऊन शेवटपर्यंत जाऊया

१,००० किलो बी घेतलं, १ लाख ३० हजार गेले. हे बी ताजं असतं तेव्हा त्यात ओल असते, ते खळ्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवावं लागतं, नाहीतर पोत्यात बुरशी धरतंय. वाळवल्यावर वजन घटतं, ५ टक्के धरूया, राहिलं ९५० किलो. हे पन्नास किलो कुणी चोरले नाहीत, उन्हानं नेले, पण पैसे तुम्ही त्याचे पण दिलेत.

मग बी वाफेवर शिजवायचं. शिजवायचं म्हणजे खायला नव्हे, वाफेनं टरफल कडक होऊन आतला गर त्याच्यापासनं जरा सुटतो. शिजल्यावर रात्रभर पसरून ठेवायचं, लगेच फोडलं की गर तुटतो. दुसऱ्या दिवशी कटिंग, म्हणजे पायानं दाबायचं मशीन, बी मधोमध पात्यात धरायचं आणि दाबायचं. टरफलात तेल असतं आणि ते तेल हाताची सालटी काढतं, कातडं काळं पडतं, म्हणून बायका हाताला खोबरेल चोपडून नाहीतर मोजे घालून बसतात. ज्यांनी लहानपणी चुलीत काजू भाजताना ते तेल अंगावर उडवून घेतलंय त्यांना जास्त सांगायला नको.

फोडलेला गर ड्रायरमधे ७० डिग्रीच्या आसपास सहा-आठ तास, मग वरचं तांबडं सालपट सोलायचं, मग ग्रेडिंग, मग पॅकिंग.

९५० किलोला २५ चा उतारा धरला तर गर पडतो साधारण २३७ किलो. ह्यात सगळे अख्खे नसतात. चांगला हात असेल तर शंभरात ७५ अख्खे, बाकी पाकळी आणि तुकडा. अख्खे १७८ किलो, होलसेलला सरासरी ८०० नी धरले तर १ लाख ४२ हजार ४००. पाकळी-तुकडा ५९ किलो, ६०० नी, ३५ हजार ४००. टरफल पण फुकट जात नाही, त्याचं तेल काढणारे घेऊन जातात, ६५० किलो ८ रुपयानी ५ हजार २००. सगळी जमा झाली १ लाख ८३ हजार.

खर्चात बी १ लाख ३० हजार. मजुरी, जळण, लाईट, डबे-पिशव्या, गाडीभाडं मिळून बीच्या किलोमागं ३० रुपये धरले तर ३० हजार. उरले २३ हजार.

एका टनामागं २३ हजार, म्हणजे गराच्या किलोमागं ९७ रुपये. वहिनींचे ६७० इथपर्यंत आले. पण अजून एक गिऱ्हाईक बाकी आहे आणि ते सगळ्यात खमकं आहे.

## वर्षाची बेगमी आणि तिचं व्याज

काजू बी बाजारात येतं मार्च ते मे. पाऊस पडला की संपलं. पण युनिट वर्षभर चालवायचं असेल, बायकांना बारा महिने काम द्यायचं असेल आणि दसरा-दिवाळीच्या भावाला गर विकायचा असेल, तर वर्षाचं बी ह्या दोन-तीन महिन्यात भरून ठेवावं लागतं. आपल्या आया मे महिन्यात पापड-कुरडया, डाळी, चटणीची मिरची करून वर्षाची बेगमी भरायच्या ना, तेच, फक्त इथं बेगमी लाखात आहे.

१० टनाचं छोटं युनिट धरलं तरी बीचे १३ लाख. ते आणायचे कुठनं, बँकेतनं. ११ टक्के व्याज धरलं आणि माल सरासरी सहा महिने पडून राहतो असं धरलं, तर टनामागं ७ हजार १५० रुपये व्याज. २३ हजारातनं ते वजा, राहिले १५ हजार ८५०.

ह्या पैशाला बँकवाले खेळतं भांडवल म्हणतात, माल घेण्यात आणि परत विकून मोकळं होण्यात जो पैसा अडकून पडतो तो. आमच्या भागात जी युनिटं बंद पडली ती मशीन बिघडलं म्हणून पडल्याचं मला तरी आठवत नाही. मे महिन्यात बी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जून-जुलैमधे व्यापाऱ्याकडनंच चढ्या भावानं बी घेतलं, आणि १३० चं बी १५० ला पडलं की वरच्या हिशोबातले २३ हजार कुठं जातात ते तुम्हीच करून बघा, टनाला २० हजार तिथंच गेले.

बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालते, त्यात काजू बी पण बसतं. माल गोदामात ठेवायचा आणि त्यावर सहा महिन्यांसाठी कमी व्याजानं उचल घ्यायची, असा प्रकार. आपल्या समितीत ती चालू आहे का आणि किलोला किती रुपये धरतात हे मार्चच्या आधी विचारून ठेवायचं, मेमधे विचारून काही होत नाही.

## पण सबसिडी आहे की!

हा प्रश्न चौघातल्या दोघांनी विचारला. आहे, नक्की आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. ती सध्या चालू आहे का आणि नवीन अर्ज घेतायत का ते तालुका कृषी ऑफिसात आधी विचारा, योजनांच्या मुदती असतात.

पण दोन गोष्टी बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या नसतात. एक, ती सबसिडी मशीन आणि बांधकामाच्या काही भागावर आहे, बी घ्यायच्या पैशावर नाही. दोन, ती तुमच्या हातात येत नाही, कर्जखात्याला बाजूला ठेवतात आणि तीन वर्षं खातं नीट चाललं, युनिट चालू राहिलं तरच ती तुमची. म्हणजे सबसिडीच्या पैशातनं बी घेऊ हा जो प्लॅन पोरं चहाच्या गाड्यावर करतात तो होतच नाही.

त्यातल्या एका पोरानं मशीनचं कोटेशन आणलं होतं, ९ लाखाचं. ९० हजार पदरचे, ३ लाख १५ हजार सबसिडी, राहिलं ४ लाख ९५ हजार कर्ज. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण पावणेअकरा हजार हप्ता. आणि वरच्या हिशोबानं १० टन फोडून वर्षाला सुटतात १ लाख ५८ हजार, महिन्याला १३ हजार २००. हप्ता जाऊन उरले अडीच हजार. पुण्याचे १५ हजारच बरे की मग!

मग तो म्हणाला ३० टन फोडतो. बरोबर आहे, ३० टनाला हप्ता जाऊन महिन्याला २८-२९ हजार सुटतात, पण मग मे महिन्यात बी घ्यायला ३९ लाख लागतात भावा. त्यावर तो गप्प झाला, आणि मला जरा वाईटच वाटलं, कारण पोरगं खरंच कष्टाळू आहे.

## उतारा तीननं घसरला तर

हा भाग नीट वाचा, कारण सगळा धंदा ह्याच्यावर आहे. वरच्या हिशोबात उतारा २५ च्या जागी २२ घाला, बाकी काही बदलू नका. गर २३७ च्या जागी २०९ किलो. अख्खे १५७, तुकडा ५२. जमा १ लाख ५६ हजार ८००, टरफलाचे ५ हजार २०० धरून १ लाख ६२ हजार. खर्च तोच १ लाख ६० हजार. उरले २ हजार, आणि व्याज ७ हजार १५०. खिशातनं पाच हजार गेले, प्रत्येक टनामागं.

फक्त तीन टक्के. बघणाऱ्याला पोतं तसंच दिसतं, बीचा रंग तसाच, वजन तेवढंच.

मी ज्यांच्या वह्या लिहितो त्यातल्या एकानं एका वर्षी अवकाळीत भिजलेलं सहा टन बी स्वस्तात घेतलं, किलोला १२ रुपये कमी, खूश होता. ऑगस्टमधे फोडायला घेतलं तर आतला गर काळपट, सुरकुतलेला, निम्म्या बीत डाग. वाचवलेले ७२ हजार तर गेलेच, वर तेवढेच अजून घातले. त्या वर्षीची वही मी अजून उघडली की पहिल्यांदा तेच पान लागतं.

## मग बी घेताना ओळखायचं कसं?

कापून बघायचं, दुसरा उपाय नाही. दहा-बारा पोत्यांतनं वरनं, मधनं आणि तळातनं मूठ-मूठ काढून एक किलो बी करायचं. तळातनं घ्यायला विसरू नका, चांगला माल वर असतो हे काय मी सांगायला नको. आधी ते मोजायचं, किलोत किती बी बसतात. मग एकेक कापायचं आणि गर तीन ढिगात टाकायचा, चांगला, डागी-सुरकुतलेला, आणि टाकाऊ म्हणजे किडका, काळा, पोचट. वजन करायचं. ताज्या कापलेल्या गरावर सालपट आणि ओल असते, त्यामुळं कापल्यावर चांगला गर २८० ग्रॅम भरला तर शेवटी हातात साधारण अडीचशेच राहतो. म्हणजे २५ चा उतारा हवा असेल तर चाचणीत २८० दिसायला पाहिजे. डागीचं अर्धं वजन धरतात, टाकाऊचं शून्य.

किलोत किती बी हे मोजायला का सांगितलं, तर काजूचा भाव आकारावर आहे. पाकिटावर डब्ल्यू ३२०, डब्ल्यू २४० असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममधे, तेवढे अख्खे गर बसतात. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. गावठी झाडाचं बी ५ ग्रॅमचं धरलं आणि त्यात पाव भाग गर, म्हणजे सव्वा ग्रॅम, तर पौंडात ३६० च्या वर गर बसले, ३२० च्या ग्रेडमधे पण येत नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या वेंगुर्ला ४ जातीचं बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास आणि गराचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे गर २.४ ग्रॅम, पौंडात १९० बसतात. वेंगुर्ला ७ चं बी तर १० ग्रॅमचं. तेवढीच मजुरी, तेवढंच जळण, आणि भावात फरक. माझं स्वतःचं मत विचाराल तर सरपंच वहिनींनी पोरांना मशीनच्या आधी बांधावरची जुनी गावठी झाडं मोजायला सांगायला पाहिजे होती. पण कलम लावून चार वर्षं थांबा असं सांगितलं तर टाळ्या पडत नाहीत.

## ब्रँड करून १,२०० नी विकलं तर?

विका की, हिशोब एकदम सुधारतो, खोटं नाही. पण पाव किलोच्या पाकिटात विकायचं म्हटलं तर एका टनाच्या गराची ९४८ पाकिटं झाली. १० टनाची नऊ हजार चारशे ऐंशी. वर्षाचे ३६५ दिवस, रविवार-अमावस्या धरून, रोज २६ पाकिटं गेली पाहिजेत. पहिली दोनशे पाव्हण्यांत जातात, मामा, मावशी, मुंबईचा काका, गणपतीला गिफ्ट बॉक्स म्हणून. दोनशे एकावं पाकीट कोण घेणार हा प्रश्न आहे. दुकानदार ठेवून घेतो पण त्याला त्याचं मार्जिन पाहिजे आणि पैसे माल संपल्यावर देणार, म्हणजे खेळतं भांडवल अजून अडकलं. आणि पाकिटं विकायची तर अन्न परवान्याचा नंबर, पॅकिंगची तारीख, वजन हे सगळं छापावं लागतं, ते करायचंच, त्यात सूट नाही.

आंबोली, तिलारीच्या रस्त्यावर पर्यटक असतात तिथं स्टॉल टाकून विकणारे आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. पण ते दोन-तीन टनवाले आहेत, दहावाले नाहीत.

## म्हणजे करूच नये का?

असं कुठं म्हटलं मी! पहिल्या वर्षी मशीन घेऊ नका एवढंच म्हणतोय. घरचं अर्धा टन बी विकू नका, वाळवून ठेवा आणि जवळच्या चालू युनिटमधनं किलोवर मजुरी देऊन फोडून घ्या. जॉबवर्क म्हणतात त्याला, बऱ्याच युनिटना पावसाळ्यात बी कमी पडतं तेव्हा ते खुशीनं करून देतात. देताना बी मोजून द्यायचं, गर, तुकडा, टरफल सगळं मोजून परत घ्यायचं, आणि शक्य झालं तर कटिंगच्या दिवशी तिथं जाऊन बसायचं. घरच्या बीला व्याज नाही, मशीनचा हप्ता नाही, आणि आपल्या बागेचा उतारा किती हे एका झटक्यात कळतं. ११०-१२० किलो गर हातात येतो, तो विकून बघा. दोनशे एकावं पाकीट गेलं तर पुढच्या वर्षी बोलू.

चौघातल्या त्या कोटेशनवाल्या पोरानं पुढच्या रविवारी मला घरी बोलावलं. सोप्यात तीन ढीग लावले होते, वरच्या बागेचं बी, ओढ्याकाठचं आणि चुलत्यांच्या वाट्याचं. त्याच्या आईनं विळीवरच कापायला सुरुवात केली, म्हणाली मशीन कशाला पाहिजे एक किलोला. हाताला खोबरेल लावून तिनं तिन्ही संपवले आणि आम्ही सोनाराकडनं उसन्या आणलेल्या काट्यावर वजन केलं. वरच्या बागेचं २८४, चुलत्यांचं २७१, ओढ्याकाठचं २३२.

ओढ्याकाठचं त्यानं दुसऱ्या दिवशी पोती भरून व्यापाऱ्याला द्यायला काढलं. व्यापाऱ्यानं तळातनं मूठभर बी घेतलं, कापलं आणि ९ रुपये पाडून मागितलं.